पेरू, जाम की जांब? व्हिडिओच्या शीर्षकात प्रमाण शब्द वापरावा की बोलीतला?

राहात्याच्या बाजार समितीत ज्या फळाचे लिलाव होतात, त्याला तिथे पेरू म्हणतात. विदर्भात याच फळाला जाम म्हणतात आणि मराठवाड्यात अनेक ठिकाणी जांब. गोव्यात तेच पेर होते. आता राहाता तालुक्यातल्या एखाद्या बागायतदाराने आपल्या बागेचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचे ठरवले, तर शीर्षकात यातले काय लिहायचे? आणि एकदा फळाचे नाव ठरले, की पुढचे वाक्य कृषी खात्याच्या पत्रकासारखे लिहायचे की बांधावर बोलतात तसे?

हा प्रश्न फक्त भाषेच्या आवडीनिवडीचा नाही. ज्याची झाडे वाळत आहेत तो शेतकरी मोबाइलवर शोधताना आपल्या तोंडातले शब्द टाइप करतो. व्हिडिओत उपाय बरोबर असला, पण शीर्षकातला शब्द त्याच्या ओळखीचा नसला, तर तो उपाय त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

शब्द दोन प्रकारचे नसतात, चार प्रकारचे असतात

'शुद्ध मराठी की बोलीभाषा' असा प्रश्न केला, की निवड दोनच गोष्टींत आहे असे वाटते. शीर्षक लिहिताना मात्र शब्दांचे चार प्रकार समोर येतात.

पहिला प्रकार ग्रांथिक किंवा शासकीय शब्दांचा: फळपीक, व्यवस्थापन, सूत्रकृमी, प्रादुर्भाव. हे शब्द पुस्तकात, शासन निर्णयात आणि विद्यापीठाच्या शिफारशींत असतात. दुसरा प्रकार सगळीकडे समजणाऱ्या रोजच्या शब्दांचा: झाड, मूळ, गाठ, पाणी, छाटणी. हे शब्द बोलण्यातलेही आहेत आणि प्रमाण मराठीतलेही. तिसरा प्रकार एखाद्या भागापुरत्या शब्दांचा: जाम, जांब. चौथा प्रकार इंग्रजीतून आलेल्या आणि मराठीत रुळलेल्या शब्दांचा: निमॅटोड, मिलीबग, मल्चिंग.

गोंधळ होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात. 'साधे, बोलीतले लिहा' असा सल्ला मिळाला, की अनेक जण आपल्या गावचे शब्द शीर्षकात घालतात. पण बोलण्यातला शब्द म्हणजे स्थानिक शब्दच असे नाही. 'झाड' हा शब्द राहात्यात, गोंदियात आणि सावंतवाडीतही रोज बोलला जातो. 'जाम' हा शब्दही रोज बोलला जातो, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा.

उलटेही घडते. 'ठिबक' हा शब्द 'ठिबक सिंचन' या नावातून सरकारी योजनांमध्ये आला आणि आता शेतकरी 'ठिबक बसवलं' असे सहज म्हणतो. म्हणजे शासकीय शब्द कायम परकाच राहतो असेही नाही. शब्द कुठून आला यापेक्षा आज तो किती जणांच्या तोंडी आहे, हे शीर्षकासाठी महत्त्वाचे.

'ख्वाडा' चालला, मग बोलीतले शीर्षक का नको?

या वादात नगर जिल्ह्यातलेच एक उदाहरण हमखास दिले जाते. नगरचे दिग्दर्शक भाऊराव कऱ्हाडे यांचा 'ख्वाडा' हा चित्रपट २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. त्याआधीच ६२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला होता. प्रमाण मराठीत हा शब्द 'खोडा' असा आहे. खोडा घालणे म्हणजे अडथळा आणणे. या भागाच्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा 'ओ' अनेकदा 'वा'सारखा उच्चारला जातो. घोड्याचा 'घ्वाडा' होतो, खोड्याचा 'ख्वाडा'. चित्रपटाने उच्चार आहे तसाच ठेवला आणि नाव लक्षात राहिले.

मात्र चित्रपटाचे नाव आणि माहितीच्या व्हिडिओचे शीर्षक यांचे काम वेगळे असते. चित्रपटाचे नाव कोणी गरज म्हणून शोधत नाही. ते आधी पोस्टरवर, गाण्यात, बातमीत दिसते. अर्थ कळला नाही तर 'हे काय आहे?' असे कुतूहल वाटते आणि तेच हवे असते. माहितीचा व्हिडिओ शोधणाऱ्याला कुतूहल नसते, त्याला अडचण असते. तो यादीतली पाच-सहा शीर्षके भरभर वाचतो आणि आपली अडचण जिथे दिसेल तिथे बोट ठेवतो. न कळलेल्या शब्दावर तो थांबत नाही, पुढे जातो.

म्हणून कथा, विनोद, गाणे किंवा गावाकडची मालिका यांच्या शीर्षकात बोलीचा ठसका कामाला येतो. 'कसे करावे' प्रकारच्या व्हिडिओत तोच ठसका आडवा येऊ शकतो.

एक शीर्षक पायरीपायरीने

समजा, व्हिडिओचा विषय असा आहे: पेरूची झाडे पिवळी पडतात, पाने तांबूस होतात, फळ लहान राहते आणि झाड हळूहळू वाळते. मुळे उकरून पाहिली तर त्यांवर गाठी दिसतात. हे काम मूळगाठ करणाऱ्या सूत्रकृमींचे. हे डोळ्यांना न दिसणारे किडे रोपवाटिकेतल्या पिशवीतल्या मातीतूनही नव्या बागेत येतात. राहात्याप्रमाणेच इतर भागांतल्या पेरू बागायतदारांनाही ही माहिती हवी असते.

पहिला मसुदा बहुधा असा असतो:

'पेरू फळपिकावरील मूळगाठ सूत्रकृमींचे एकात्मिक व्यवस्थापन'

यात चुकीचे काहीच नाही. कृषी पदवीचा विद्यार्थी हेच शोधेल. पण ज्याचे झाड वाळत आहे त्याला अजून रोगाचे नाव माहीत नाही. ते कळावे म्हणून तर तो शोधतो आहे. त्याला दिसतात ती पिवळी पाने आणि वाळणारे झाड. या शीर्षकात ना पान आहे, ना झाड, ना वाळणे. 'एकात्मिक व्यवस्थापन' या दोन शब्दांनी सुमारे एक तृतीयांश जागा घेतली, पण शोधणाऱ्याला ओळखीचे काही दिले नाही.

मग दुसरे टोक गाठले जाते:

'पेरूचं झाड वाळाया लागलंय? मुळ्या उकरून बघा'

हे ऐकायला जिवंत आहे आणि नगर, पुणे, सोलापूर या पट्ट्यात कोणालाही खटकणार नाही. अडचण आहे ती 'वाळाया लागलंय' या क्रियापदात. अमरावतीचा शेतकरी हेच 'वाळून राहिलं' असे म्हणेल. मराठीच्या बोली नामांपेक्षा क्रियापदांत जास्त फाकतात. शीर्षकातले क्रियापद एका भागाचे झाले, की व्हिडिओही 'तिकडचा' वाटू लागतो. तिकडची माती, तिकडचे हवामान, मग आपल्याला काय उपयोग, असा विचार करून प्रेक्षक पुढे सरकतो.

यावर तोडगा 'वाळत आहे' असा पुस्तकी प्रयोग नाही. 'वाळतंय' हा सुटसुटीत प्रयोग पुरतो. तो बोलण्यातला आहे, पण कोणत्याही भागातल्या वाचकाला कळतो, कारण वर्तमानपत्र, मालिका आणि बातम्यांमुळे तो सगळीकडे ऐकलेला असतो.

आता फळाचे नाव. विदर्भातल्या प्रेक्षकासाठी 'जामाची बाग' लिहावे का? इथे 'जाम'ची खरी अडचण समोर येते. मुंबई, वसई आणि कोकणात जाम म्हणजे पांढरट किंवा गुलाबी, घंटेच्या आकाराचे पाणीदार फळ. ते झाड वेगळे, फळही वेगळे. शिवाय हिंदीत जाम म्हणजे वाहतुकीची कोंडी किंवा पेला, आणि पावाला लावायचा जॅमही काही जण 'जाम' असाच लिहितात. म्हणजे 'जाम' लिहिल्याने विदर्भातले काही प्रेक्षक मिळतील, पण चुकीचे प्रेक्षकही येतील. ते काही सेकंदांत निघून जातात आणि व्हिडिओ लोकांना आवडत नाही असा संकेत यूट्यूबला मिळतो.

पेरूचे तसे नाही. विदर्भात घरी जाम म्हणणाऱ्यालाही पेरू म्हणजे काय ते पाठ्यपुस्तकातून आणि बाजारभावाच्या बातम्यांतून माहीत असते. त्याला तो शब्द आपला वाटत नसेल, पण कळतो. उलट, राहात्याच्या शेतकऱ्याला जाम म्हणजे पेरू हे ठाऊक असेलच असे नाही. ज्या शब्दाचा चुकीचा अर्थ लागत नाही तो शीर्षकात, हा इथला निकष.

पेरूलाही एक अडचण आहेच. त्याच नावाचा देश दक्षिण अमेरिकेत आहे. म्हणून 'पेरू' हा शब्द एकटा सोडू नये. त्याला झाड, बाग, लागवड, बहार असा शेतीतला शब्द जोडला, की संदिग्धता जाते.

राहिले रोगाचे नाव: सूत्रकृमी की निमॅटोड? कृषी विज्ञान केंद्राच्या बैठकीला जाणारा शेतकरी दोन्ही ऐकतो. औषधांच्या दुकानात बहुधा 'निमॅटोड' म्हणतात. माहितीपत्रकात 'सूत्रकृमी' छापलेले असते. इथे एकाला निवडून दुसऱ्याला टाकण्याची गरज नाही. दोन्ही ठेवता येतात, फक्त ते शेवटी असावेत. ज्याला नाव माहीत आहे तो त्यावरून शोधेल आणि ज्याला माहीत नाही तो शीर्षकाच्या पहिल्या भागावर थांबेल.

तयार झालेले शीर्षक असे:

'पेरूचं झाड वाळतंय? मुळांवरच्या गाठी बघा | सूत्रकृमी, निमॅटोड'

फळाचे नाव सर्वत्र समजणारे, लक्षण डोळ्यांना दिसणारे, क्रियापद बोलण्यातले पण कोणत्याही एका भागाचे नसलेले आणि शास्त्रीय नाव शेवटी.

'बघा' की 'पाहा', असाही प्रश्न काही जणांना पडतो. पश्चिम महाराष्ट्रात 'बघा' बोलण्यातले आणि 'पाहा' लिखाणातले वाटते. विदर्भात मात्र 'पाहणे' हे क्रियापद रोजच्या बोलण्यातच आहे. एका भागात औपचारिक वाटणारा शब्द दुसऱ्या भागात घरगुती असू शकतो, याचा हा चांगला नमुना. दोन्ही सगळ्यांना कळतात, त्यामुळे कोणताही चालेल.

जागा किती आहे?

यूट्यूबवर शीर्षकाला १०० अक्षरचिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीत ही जागा वाटते त्यापेक्षा लवकर संपते, कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला न दिसणारा हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'सूत्रकृमी' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत नऊ चिन्हे भरतो. 'पेरू' दोन अक्षरांचा, पण चिन्हे चार. वरचे तयार शीर्षक मोकळ्या जागांसह ६० चिन्हांचे आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे मोबाइलच्या यादीत लांब शीर्षक शेवटी कापले जाते. म्हणून फळ आणि लक्षण हे पहिल्या तीन-चार शब्दांत यायला हवे. जोडाक्षरांनी भरलेले ग्रांथिक शब्द सुरुवातीला ठेवले, तर जागाही जाते आणि महत्त्वाचा भाग कापला जातो. गावाचे नाव पुढे घालण्याची सवयही इथेच नडते. 'राहाता' हे नाव 'राहता' असेही लिहिले जाते, आणि बाहेरच्या वाचकाला ते क्षणभर 'तुम्ही कुठे राहता'मधले क्रियापद वाटते. गाव सांगायचे तर वर्णनात सांगावे.

मग स्थानिक शब्द कुठे जातात?

शीर्षकातून काढलेला शब्द फेकून द्यायचा नसतो. त्याची जागा वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत आहे. तिथे शब्दांची रास न ओतता साधे वाक्य लिहावे: 'विदर्भात जाम आणि मराठवाड्यात जांब म्हणतात त्या पेरूच्या झाडाच्या मुळांवर गाठी का येतात, ते या व्हिडिओत आहे.' वर्णनात नुसते शोधशब्द एकामागून एक लिहिणे यूट्यूबच्या नियमांत बसत नाही. वाक्यात आलेला शब्द वाचकालाही कळतो आणि शोधालाही सापडतो.

व्हिडिओच्या पहिल्या वाक्यातही हे म्हणून टाकावे. विदर्भातल्या प्रेक्षकाला 'हा आपल्याच झाडाविषयी बोलतोय' हे तिथेच कळते.

टॅगसाठी एकूण ५०० चिन्हांची जागा असते. टॅगचा शोधावर फारसा परिणाम होत नाही, पण लोक ज्या शब्दांचे लेखन वेगवेगळे करतात त्यांच्यासाठी ते उपयोगी पडतात, असे यूट्यूब स्वतःच सांगते. मराठीत हे खूप होते. ऱ्हस्व 'पेरु', दीर्घ 'पेरू', रोमन लिपीतले peru lagwad आणि peru lagvad हे सगळे टॅगमध्ये जाऊ शकतात. शीर्षकात मात्र नियमाप्रमाणे दीर्घ 'पेरू' ठेवावे.

ठसकेबाज बोलीची हौस असेल तर ती थंबनेलवर भागवता येते. वाळलेल्या फांदीच्या आणि गाठी आलेल्या मुळांच्या चित्रावर 'वाळाया लागलंय?' लिहिले, तर चित्रच अर्थ सांगते. तिथे शब्द न कळल्याने कोणी अडत नाही.

जिथे शासकीय शब्दच ठेवावा लागतो

काही विषयांत मात्र सोपा शब्द घेतला तर प्रेक्षकाचे नुकसान होऊ शकते. शेतकऱ्याला पुढे जाऊन जो शब्द अर्जावर, पोर्टलवर किंवा बाटलीच्या लेबलवर शोधायचा आहे, तो शीर्षकात जसाच्या तसा हवा.

पेरूचेच उदाहरण घेता येईल. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत मृग बहार आणि आंबिया बहार असे दोन भाग आहेत, आणि पेरू मृग बहारात येतो. पश्चिम महाराष्ट्रात अनेक बागायतदार 'आंबे बहार' म्हणतात. विदर्भातले संत्रा उत्पादक 'आंबिया' म्हणतात आणि योजनेतही तेच नाव आहे. शिवाय कोणी 'बहार' लिहितो, कोणी 'बहर'. इथे योजनेतले नाव शीर्षकात ठेवून बोलण्यातले नाव वर्णनात द्यावे. नुसते 'पेरूचा पीक विमा' लिहिले, तर प्रेक्षक खरीप पिकांच्या वेगळ्या योजनेकडे वळू शकतो. तिची मुदत आणि अटी वेगळ्या असतात. चुकीची तारीख डोक्यात बसली, तर वर्षाचा विमा हातचा जातो.

याउलट 'सातबारा' हा शब्द बोलण्यातला असूनही तोच शीर्षकात हवा, कारण 'गाव नमुना सात व बारा' असे कोणी शोधत नाही आणि सातबारा म्हटल्यावर कोणाचा गैरसमजही होत नाही.

शब्द चुकला हे कसे ओळखायचे?

व्हिडिओ टाकण्याआधी दोन गोष्टी करता येतात. एक, यूट्यूबच्या शोधपेटीत 'पेरू' आणि एक मोकळी जागा टाइप करून खाली कोणत्या ओळी सुचवल्या जातात ते बघावे. मग तेच रोमनमध्ये करावे. लोक खरोखर काय टाइप करतात याचा अंदाज तिथे येतो. दोन, शीर्षक वेगवेगळ्या भागांतल्या तीन जणांना नुसते पाठवून 'हा व्हिडिओ कशाविषयी आहे?' असे विचारावे. 'आवडले का?' असे विचारू नये, कारण ओळखीची माणसे हो म्हणतात.

व्हिडिओ टाकल्यानंतर यूट्यूब स्टुडिओतले आकडे बघताना तीन वेगळ्या परिस्थिती ओळखाव्या लागतात. व्हिडिओ फार लोकांसमोर दाखवलाच जात नसेल आणि शोधातून कोणी येत नसेल, तर शीर्षकात लोकांचे शोधशब्द नाहीत. ग्रांथिक शीर्षकांचे असे होते. व्हिडिओ दिसतो, पण क्लिक होत नाही, तर शब्द ओळखीचे आहेत, पण अडचण त्यात दिसत नाही, किंवा भाषा परक्या भागाची वाटते. लोक क्लिक करतात आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात निघून जातात, तर शब्दाने वेगळेच काही सांगितले; 'जाम'सारख्या दुअर्थी शब्दाची ही खूण. मात्र दृश्ये दोन-चारशेच असतील तर या आकड्यांवरून घाईने निष्कर्ष काढू नये, आणि व्हिडिओच्या सुरुवातीला लांबलचक प्रास्ताविक असेल तर दोष शीर्षकाचा नसतो.

शोधातून आलेल्या प्रेक्षकांनी कोणते शब्द टाइप केले होते, त्यांची यादीही स्टुडिओत मिळते. त्यात 'जाम झाड रोग' असा शोध वारंवार दिसला, तर विदर्भातले प्रेक्षक येत आहेत असे समजून त्यांच्यासाठी वर्णनात भर घालता येते. शीर्षक नंतर बदलले तरी व्हिडिओची लिंक आणि दृश्यांची संख्या तीच राहते, त्यामुळे दुरुस्ती करायला अडचण नसते. एका वेळी एकच शब्द बदलावा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.